नोनोग्राम: ४ ३ च्या ओळीत सहावं घर पक्कं का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: "तुमच्या लेखात सांगितलंय तसं केलं. १० घरांच्या आडव्या ओळीत ४ ३ हे आकडे आधी डावीकडे टेकवून मांडले, मग उजवीकडे टेकवून. दोन्ही वेळा तिसरं, चौथं, सहावं आणि आठवं घर काळं आलं, म्हणून चारही भरली. पुढे सहाव्या घराने सगळी उभी ओळ बिघडवली. म्हणजे ही रीत पक्की नाही. ३ २ सारख्या ओळीत तर तिच्यातून काहीच मिळत नाही. शेवटी अंदाजच करायचा, तर नोनोग्राममध्ये अंदाज लागत नाही असं नवशिक्यांना कशाला सांगता?"

उत्तर:

नोनोग्राम म्हणजे घरं काळी करून सोडवायचं चौकटींचं कोडं. ओळीचे आकडे सांगतात की तिच्यात सलग काळ्या घरांचे केवढे गट कोणत्या क्रमाने येतात, आणि दोन गटांमध्ये किमान एक घर मोकळं असतं. तुमच्या दोन्ही मांडण्या बरोबर आहेत. तिसरं, चौथं आणि आठवं घर पक्कं आहे, ती तिन्ही तशीच राहू द्या. गडबड फक्त सहाव्या घरात आहे. ते घर दोन्ही मांडणीत काळं येतं हे खरं, पण दोन्ही वेळा ते एकाच गटाचं नसतं. मांडताना घर नुसतं काळं न करता त्यात त्या गटाचा आकडा लिहून पाहा:

```
४ ४ ४ ४ . ३ ३ ३ . .
. . ४ ४ ४ ४ . ३ ३ ३
```

तिसऱ्या आणि चौथ्या घरात वर ४ आहे, खालीही ४. आठव्या घरात वर ३, खालीही ३. सहाव्या घरात मात्र वर ३ आणि खाली ४ आहे. डावीकडच्या मांडणीत ते घर तीनच्या गटाने व्यापलंय, उजवीकडच्या मांडणीत चारच्या. हे दोन्ही गट आपापल्या जागेवरून हलले की सहावं घर रिकामं राहू शकतं. चारचा गट पहिल्या चार घरांत ठेवा आणि तीनचा शेवटच्या तीन घरांत. ओळ पूर्णपणे नियमात बसते आणि सहावं घर मोकळं राहतं. या ओळीच्या एकूण सहाच मांडण्या होतात. त्या सगळ्या कागदावर लिहून काढल्यात तर सहापैकी चार मांडण्यांत सहावं घर रिकामं दिसेल. तिसरं, चौथं आणि आठवं मात्र सहाच्या सहा मांडण्यांत काळं असेल.

म्हणून दोन मांडण्या एकावर एक ठेवून बघताना "दोन्हीकडे काळं आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "दोन्हीकडे त्याच गटाचं आहे का?" हे विचारायला हवं. दोन आकडे सारखे असले की हा फरक नजरेतून हमखास निसटतो. दहा घरांत ३ ३ घ्या. डावीकडे टेकवलं की गट १ ते ३ आणि ५ ते ७ वर येतात, उजवीकडे टेकवलं की ४ ते ६ आणि ८ ते १० वर. पाचवं आणि सहावं घर दोन्हीकडे काळं दिसतं, आणि वरखाली आकडाही तोच. तरी त्यातलं एकही पक्कं नाही, कारण वरच्या मांडणीत ती घरं दुसऱ्या तीनची आहेत आणि खालच्या मांडणीत पहिल्या तीनची. अशा ओळीत आकड्यांऐवजी क आणि ख अशी अक्षरं लिहावीत.

मला स्वतःला दोन मांडण्या काढण्यापेक्षा शिल्लक मोजणं जास्त भरवशाचं वाटतं, आणि नवशिक्यांनी तेच आधी शिकावं असं माझं मत आहे. ओळीतले आकडे आणि त्यांच्यामधली किमान एकेक मोकळी जागा यांची बेरीज करा. ४ ३ साठी ती ४ + १ + ३ म्हणजे ८. ओळ १० घरांची, तेव्हा शिल्लक २. अगदी डावीकडे टेकवलेला कुठलाही गट तिथून जास्तीत जास्त दोन घरं उजवीकडे सरकू शकतो, त्याहून एक घरही पुढे नाही. चारचा गट दोन घरं सरकला तर त्याच्या मूळ जागेतली पहिली दोन घरं सुटतील, पण शेवटची दोन त्याच्याखालीच राहतील. ती पक्की. म्हणजे कृती एवढीच: गट डावीकडून मांडा, प्रत्येक गटाची पहिली दोन घरं (शिल्लक असेल तितकी) सोडून द्या, आणि त्या गटाचं काही उरलं तर ते भरा. चारच्या गटाची १ आणि २ सोडली, ३ आणि ४ भरली. तीनच्या गटाची ६ आणि ७ सोडली, ८ भरलं. उजवीकडच्या मांडणीची गरजच पडत नाही, त्यामुळे दोन गटांची सरमिसळ व्हायला वावही राहत नाही.

याच हिशेबातून पडताळाही मिळतो. चारमधून दोन गेले, दोन उरले. तीनमधून दोन गेले, एक उरलं. पक्की घरं एकूण तीन. तुम्ही चार भरली होतीत, तिथेच थांबून पाहायला हवं होतं. ही चूक केल्याजागी दिसत नाही, म्हणून हा पडताळा मला महत्त्वाचा वाटतो. चुकीचं काळं घर उभ्या ओळीला खोटी माहिती देतं, उभी ओळ त्यावरून आणखी दोन घरं भरते, ती दोन घरं आणखी दोन आडव्या ओळींत शिरतात. विसंगती दिसते तेव्हा आपण भलत्याच कोपऱ्यात असतो आणि तिथलंच काहीतरी खोडत बसतो. तुमच्या कोड्यात सहावं घर आणि त्या घराच्या आधाराने जे जे भरलं ते पुसा. काय कशाच्या आधाराने भरलं ते आठवत नसेल तर शिल्लक मोजून मिळालेली घरं ठेवून बाकीचं पुसलेलं बरं.

३ २ बद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ते फक्त रिकाम्या ओळीपुरतं. ३ + १ + २ म्हणजे ६, शिल्लक ४. शिल्लक गटाइतकी किंवा त्याहून मोठी असली की तो गट एकही घर पक्कं देत नाही, आणि इथे दोन्ही गट चारपेक्षा लहान आहेत. अशी ओळ सोडून पुढे जायचं. पण तिला सोडचिठ्ठी द्यायची नाही. तिच्यात एक जरी नवी खूण पडली तरी परत येऊन तिचा हिशेब नव्याने करायचा.

समजा ही ३ २ ची ओळ वरून सहावी आहे, आणि तिला छेदणाऱ्या तिसऱ्या उभ्या ओळीचे आकडे आहेत ५ ४. पाच, एक मोकळं, चार, मिळून दहा. शिल्लक शून्य, त्यामुळे ती उभी ओळ पहिल्या झटक्यात पूर्ण होते आणि तिचं सहावं घर रिकामं ठरतं. तिथे फुली मारा. आता आपल्या आडव्या ओळीत तिसऱ्या घरावर फुली आहे. तिच्या डावीकडे दोनच घरं उरली, तिथे तीनचा गट मावत नाही. दोनचा गट मावला असता, पण आकड्यांचा क्रम बदलता येत नाही आणि दोन तीनच्या आधी येऊ शकत नाही. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या घरावरही फुली.

आता खरी ओळ चौथ्या घरापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे सातच घरांची आहे. लागतात सहा. शिल्लक चारवरून थेट एकवर आली. तीनचा गट ४ ते ६ वर मांडला आणि पहिलं घर सोडलं, की ५ आणि ६ पक्की. दोनचा गट ८ आणि ९ वर मांडला आणि पहिलं सोडलं, की ९ पक्कं.

```
१ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १०
× × × . ■ ■ . . ■ .
```

एका फुलीने तीन काळी घरं आणि आणखी दोन फुल्या दिल्या. नवशिके बहुतेकदा इथेच अडकतात, कारण ते फक्त काळी घरं भरतात आणि रिकामी ठरलेली घरं नुसती डोक्यात ठेवतात. फुली कागदावर नसेल तर ओळ अजूनही दहा घरांचीच दिसते आणि शिल्लक चारच वाटते.

फुलीऐवजी काळं घर मिळालं तरी पहिला प्रश्न तोच: हे घर कोणत्या गटाचं? त्याच ३ २ च्या रिकाम्या ओळीत फक्त दुसरं घर काळं आहे असं धरा. दोनचा गट पाचव्या घराच्या आधी सुरू होऊच शकत नाही, म्हणून ते घर तीनचंच. मग तीनचा गट १ ते ३ वर असेल किंवा २ ते ४ वर, आणि दोन्हीत तिसरं घर येतं. ते भरा. आता दुसऱ्याऐवजी पाचवं घर काळं मिळालं असं धरा. ते तीनचं असू शकतं, किंवा ५ आणि ६ वर बसलेल्या दोनचं. मालक ठरत नाही, तेव्हा हात आखडता घ्यायचा. "बहुधा तीनचंच असेल" म्हणून शेजारचं घर भरणं हाच तो अंदाज, आणि तो नको.

राहिला अंदाजाचा मुद्दा. माझं विधान एकच उत्तर असलेल्या कोड्यांबद्दल आहे. दोन बाय दोनचं कोडं घ्या, सगळ्या ओळींना आकडा १. दोन काळी घरं एका कर्णावर किंवा दुसऱ्या कर्णावर, दोन्ही उत्तरं खरी. तिथे तर्क काहीच ठरवू शकत नाही. असा तुकडा मोठ्या कोड्यात राहिला असेल तर दोष कोड्याचा, सोडवणाऱ्याचा नाही.

पण उत्तर एकच असूनही कधी कधी एकेक ओळ वेगळी वाचून काही हलत नाही, हेही खरं आहे. तेव्हा दोन ओळी एकत्र वाचाव्या लागतात, आणि त्याची सुरुवात काठावरून करणं सोपं जातं. समजा सगळ्यात वरच्या आडव्या ओळीचा एकुलता एक आकडा ३ आहे, पहिल्या तिन्ही उभ्या ओळींचा पहिला आकडा २ आहे, आणि वरून दुसऱ्या आडव्या ओळीत सगळ्यात मोठा आकडाही २ आहे. वरचा तीनचा गट पहिल्या तीन घरांत आहे असं क्षणभर धरा. मग त्या तिन्ही उभ्या ओळींचा दोनचा गट वरूनच सुरू होतो आणि दुसऱ्या आडव्या ओळीत खाली उतरतो. तिथे सलग तीन काळी घरं होतात, आणि त्या ओळीत सलग तीन चालतच नाहीत. म्हणजे वरचा गट पहिल्या घरापासून सुरू होऊ शकत नाही, आणि वरच्या ओळीच्या पहिल्या घरावर निश्चिंतपणे फुली मारता येते. इथे एक गोष्ट धरून पाहिली खरी, पण कागदावर उतरली ती फक्त सिद्ध झालेली फुली. धरून पाहिलेली घरं पेनाने भरायची नाहीत. पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा, विसंगती मिळाली की ठिपके पुसून फुली मारायची, आणि दोन-तीन ओळींत विसंगती मिळाली नाही तरी ठिपके पुसूनच दुसरं घर धरून पाहायचं.