वटपौर्णिमेच्या शुभेच्छा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नवऱ्याने बायकोला पाठवायच्या वटपौर्णिमेच्या मजकुरांवर मी एक लेख लिहिला होता, त्यात सात जन्मांची एक ओळ होती. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "उपवास बायकोचा, आयुष्य नवऱ्याचं. मग नवऱ्याने तिला शुभेच्छा देणं म्हणजे स्वतःचंच अभिनंदन. तुमचे सात जन्मांचे मजकूर म्हणजे लाळघोटेपणा. आणि ज्यांना नवरा नाही, ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांचं काय?"

ताई, 'लाळघोटेपणा' हा शब्द लागला, खोटं कशाला बोलू. मत वेगळं असू द्या, पण बायकोशी चार शब्द मायेने बोलणाऱ्याला असं हिणवायचं काही कारण नव्हतं. एक मान्य करतो. महाभारतातल्या सावित्रीने यमाकडे सासऱ्यांची दृष्टी आणि राज्य मागितलं, वडिलांना आणि स्वतःला शंभर-शंभर पुत्र मागितले, मग नवऱ्याचे प्राण. सात जन्म तिने मागितलेले नाहीत. ती ओळ मी काढतो.

पण 'स्वतःचं अभिनंदन'? तीच कथा नीट वाचा. सत्यवानाला उरलेलं एक वर्ष संपत आलं तेव्हा सावित्रीने तीन रात्रींचं व्रत धरलं. शेवटच्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन रानात निघाला, तशी तीही निघाली. तो काय म्हणाला? रान तू कधी पाहिलेलं नाहीस, वाट कष्टाची आहे, त्यात उपवासाने थकलीस, पायी कशी चालशील? आपण आज मरणार हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला तिची दमणूक दिसत होती. नवऱ्याने त्या दिवशी बोलायचं ते हेच, स्वतःच्या आयुष्याचं नव्हे.

माझंच सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या वटपौर्णिमेला मी लातूरला नोकरीवर, ही गावी. कुणीतरी पाठवलेलं फुलांचं कार्ड मी तसंच पुढे ढकललं. उत्तर आलं, नुसते जोडलेले हात. दिवसभर दुसरा शब्द नाही. पुढच्या वर्षी, ती पूजेला निघायच्या आधी, सकाळी लिहिलं:

"पहाटेपासून उपाशी आहेस. वडापाशी गर्दी असेल, उन्हात उभी राहू नको. आईला सांगितलंय, आज चूल तुझ्याकडे नाही. फेऱ्या झाल्या की केळं खा अन् मला फोन कर."

फोन आला. सूत गुंडाळून आली होती, धाप लागलेली. म्हणाली, "आईंनी खरंच भाकरी टाकल्या बघा." हळदीच्या बोटांचा डाग मोबाईलच्या कव्हरवर बरेच दिवस होता, आणि तो मजकूर तिने आजवर पुसलेला नाही. 'सौभाग्यवती भव' लिहिलं असतं तर तो वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद झाला असता. संध्याकाळी पाठवला असता तर चूल तिनेच पेटवली असती.

याला तुम्ही अभिनंदन म्हणत असाल तर तुम्ही घाईत वाचलंत, ताई. बाकीच्या मुद्द्यांवर मी इथे वेळ घालवत नाही, मी नवरा-बायकोच्या मजकुरांबद्दलच लिहिलं होतं. जुन्या लेखातली सात जन्मांची ओळ आज रात्री बदलतो, तिथे वरचा मजकूर टाकतो.