गच्चीवर सळया सोडल्यात म्हणून मजला चढत नाही

“गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या असतील तर अजून एक मजला बिनधास्त चढवा. हलक्या ब्लॉकच्या भिंती घेतल्या की भार वाढत नाही. घर पंधरा वर्षं उभं आहे म्हणजे मजबूत आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लावलं की मजला नियमित होतो. सर्वांना पाठवा.”

नाना, सप्रेम नमस्कार.

हा मेसेज तुम्ही मला पाठवलात आणि खाली लिहिलंत, “तेवढं सर्टिफिकेट देऊन टाक.” तुमच्या दुसऱ्या मजल्यासाठी ते मी देणार नाही. कारणं लेखी देतोय, म्हणजे घरातल्या सगळ्यांना वाचता येतील.

सगळ्यात घातक गोष्ट सळयांची आहे, म्हणून आधी तीच. सळया सोडणं ही मिस्तरीची सवय आहे, खालच्या पायाचा हिशोब नव्हे. तुमचं मंजूर ड्रॉइंग तळमजला आणि पहिला मजला एवढ्याचंच आहे. मधल्या कॉलमवर प्रत्येक स्लॅबच्या साधारण 14 चौरस मीटरचा भार येतो. आज त्या कॉलमखाली सुमारे 30 टन पोचतात. फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद पायाचं, आणि त्यावरच्या मातीचं वजन धरून 33. ड्रॉइंगमध्ये फुटिंग 1.4 मीटर बाय 1.4 मीटर आहे, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास 17 टन. तिथल्या मुरमाची क्षमता 18 धरलेली आहे. म्हणजे आजच हिशोब काठावर आहे.

नवा मजला आला की आजची गच्ची राहती जमीन होते आणि तिच्यावर आणखी एक स्लॅब बसतो. त्याच कॉलमवर सुमारे 17 टन वाढतात. दाब 26 टनांवर जातो. आणि हा दाब सगळ्या फुटिंगवर सारखा वाढत नाही, मधल्यांवर जास्त आणि कडेच्यांवर कमी. मग मधलं फुटिंग जास्त खचतं आणि बीम, भिंती तिरक्या तडकायला लागतात. खिडकीच्या कोपऱ्यातून 45 अंशांत निघालेली चीर आणि अचानक अडकायला लागलेला दरवाजा, ही त्याची पहिली खूण. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नीट गेला नसेल तर ही हालचालही त्यात भर घालते.

आता खुद्द त्या सळया. 12 मिमीची सळई नव्या सळईला जोडायला एम-20 काँक्रीटमध्ये जवळपास दोन फूट लॅप लागतो, म्हणजे तेवढ्या लांबीत दोन्ही सळया शेजारी-शेजारी असाव्या लागतात. तुमच्या गच्चीवर जेमतेम फूटभर बाहेर आहे, वरून पंधरा पावसाळ्यांचा गंज. गंजाचे पापुद्रे हाताने निघतात आणि काही सळया वाकवून परत सरळ केल्यात. असा जोड सगळ्या कॉलममध्ये एकाच पातळीवर येणार. आपला भाग भूकंपाच्या झोन 3 मध्ये आहे. आडवा धक्का बसला की तो कॉलम तिथेच तुटतो.

हलक्या ब्लॉकबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते कबूल. हा हलका, म्हणजे एएसी ब्लॉक लाल विटेच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या वजनाचा असतो. पण स्लॅब, बीम, फरशी, प्लास्टर, माणसं तीच राहतात. 17 टनांचे फार तर 15 होतील आणि दाब तरी 25 च्या घरात राहील.

पंधरा वर्षं उभं आहे, ते दोन स्लॅबच्या भाराखाली. तिसऱ्याची परीक्षा अजून झालेलीच नाही.

राहिलं सर्टिफिकेट. ते इमारतीच्या ताकदीबद्दलचं निवेदन आहे, परवानगी नव्हे. परवानगीशिवाय बांधकाम हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 52 खाली गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड. नोटीस आल्यावर बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 53 खाली अर्ज करता येतो, हे खरं. पण एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची मुभा आहे ते क्षेत्र, शिल्लक असेल आणि बांधकाम नियमांत बसत असेल तरच तो टिकतो. “एवढा खर्च झालाय, कुणी अडवलं नाही” हे तर अजिबात चालत नाही. 17 डिसेंबर 2024 च्या राजेंद्रकुमार बडजात्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की विलंब, प्रशासनाची ढिलाई किंवा गुंतवलेला पैसा यामुळे बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र तपासल्याशिवाय बँकेने कर्ज देऊ नये, असंही त्यात आहे.

मजला हवाच असेल तर मार्ग असा. आधी दोन फुटिंग उघडून प्रत्यक्ष मापं घ्यायची आणि कॉलमच्या काँक्रीटचे कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले नमुने, तपासायचे. मग नवं डिझाइन, नगरपालिकेची मंजुरी आणि त्यानंतर काम. मधल्या कॉलमचं फुटिंग किमान 1.8 मीटर बाय 1.8 मीटर लागेल, कॉलमला चारही बाजूंनी किमान 100 मिमीचं काँक्रीटचं जॅकेट. शेजारच्या हद्दीला लागून असलेल्या कॉलमना फुटिंग वाढवायला जागाच नाही, तिथे हे कदाचित जमणारच नाही.

तोवर वरच्या स्लॅबवर पाण्याची टाकी चढवू नका, विटा-रेतीचा ढीग ठेवू नका आणि खोल्या भाड्याने देऊ नका. हा मेसेज ज्यांना पुढे पाठवलात, त्यांना हे पत्रही पाठवा.

तुमचा पुतण्या