लाट मंदावते ती घर्षणामुळे नव्हे

वाचकाची प्रतिक्रिया: “समुद्रतळ लाटेचा पाय अडवतो, म्हणून ती किनाऱ्याजवळ मंदावते आणि उंच होऊन फुटते, असे आपण लिहिले आहे. पण घर्षणाने मंदावणारी वस्तू ऊर्जा गमावते. मग लाट ठेंगणी व्हायला हवी, उंच कशी होते? शिवाय c = √(gh) या सूत्रात घर्षण आहे कुठे?”

नमस्कार. आपला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. “पाय अडवतो” हे माझे शब्द चुकीचे होते आणि मूळ लेखातून ते मी काढून टाकत आहे. त्या सूत्रात c हा लाटेचा वेग, h ही पाण्याची खोली आणि g हे गुरुत्वीय त्वरण आहे. घर्षण त्यात नाही, कारण वेग ठरवण्यात त्याचा वाटाच नाही.

लाटेची लांबी खोलीच्या पंधरा-वीसपट किंवा त्याहून अधिक असली, की पृष्ठभागापासून तळापर्यंतचे पाणी जवळपास एकाच वेगाने पुढे-मागे सरकते. अशा पाण्याचा एक उभा स्तंभ डोळ्यांसमोर आणा. पृष्ठभागाला उतार असेल तर स्तंभाच्या एका बाजूचा दाब दुसरीपेक्षा जास्त असतो आणि तो स्तंभाला ढकलतो. स्तंभ दुप्पट उंच असेल तर त्याचे वस्तुमान दुप्पट असते, पण ढकलणारे एकूण बलही दुप्पट होते, म्हणून त्वरण तेवढेच राहते. फरक पडतो तो पुढच्या टप्प्यात. तेवढ्याच वेगाने सरकणारा खोल स्तंभ शेजारी दुप्पट पाणी नेऊन टाकतो, त्यामुळे तिथली पातळी लवकर चढते आणि माथा लवकर पुढे सरकतो. पाण्याचा वेग u आणि पातळीची वाढ η मानली, तर पाण्याचा हिशेब cη = hu असा होतो आणि बलाचा हिशेब cu = gη असा. या दोहोंतून c² = gh मिळते. उथळ पाण्यात लाट मंदावते ती एवढ्याचसाठी की पातळी चढवायला पाणी कमी पोहोचते.

आता उंचीकडे वळू. दहा सेकंदांच्या आवर्तकालाची, 40 सेंटिमीटर उंचीची एक लाट 4 मीटर खोलीवरून 1 मीटर खोलीवर येते असे धरा. तिचा वेग सेकंदाला 6.3 मीटरवरून 3.1 मीटरवर येतो. आवर्तकाल मात्र बदलत नाही, कारण बाहेरून दर दहा सेकंदांनी एक माथा येत असेल तर आतही तेवढेच माथे पोहोचले पाहिजेत. परिणामी लाटेची लांबी 63 मीटरवरून 31 मीटरवर येते. ऊर्जा नाहीशी झालेली नाही, ती अर्ध्या जागेत दाटली आहे. ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने उंची √2 पट, म्हणजे सुमारे 57 सेंटिमीटर होते. तळाचा उतार मंद असेल तरच हा हिशेब लागू पडतो. खडकाची पायरी लागली तर ऊर्जेचा काही भाग परावर्तित होऊन समुद्राकडे परततो.

लाट उंच होणे आणि तिचा पुढचा उतार उभा होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सपाट तळावर घडत नाही, दुसरी तिथेही घडते. आपल्या लाटेच्या माथ्याखाली 1.28 मीटर पाणी आहे आणि खळग्यात 0.72 मीटर, म्हणजे माथ्याला स्वतःपुरता समुद्र अधिक खोल आहे. त्यातच माथ्याचे पाणी किनाऱ्याकडे वाहते आणि खळग्याचे उलट दिशेने, हा प्रवाह वेगात मिळवावाच लागतो. दोन्ही धरून माथा सेकंदाला सुमारे 4.4 मीटर आणि खळगा अवघा 1.7 मीटर पुढे जातो. दोघांमधील साधारण 15 मीटरचे अंतर सहा सेकंदांत संपावे, आणि मधला उतार त्याआधीच उभा व्हावा.

प्रत्यक्षात तो इतक्या सरळपणे उभा होत नाही. उतार तीव्र झाला की पाण्याला वर-खालीही जोराने हलावे लागते, स्तंभ एकसंध सरकतो हे गृहीतक ढिले पडते आणि उभे होण्याला विरोध सुरू होतो. किनाऱ्याजवळ अरुंद, टोकदार माथे आणि त्यांच्यामध्ये लांब सपाट खळगे दिसतात, ते याच ओढाताणीमुळे. मंद उताराच्या पुळणीवर लाटेची उंची खोलीच्या सुमारे 0.8 पट झाली की माथा कोसळतो. आपली लाट त्या हिशेबाने पाऊण मीटरच्या जरा अधिक खोलीवर फुटेल.

आपण म्हणता तशी ठेंगणी होणारी लाटही असते, आणि ती केरळच्या किनाऱ्यावर आळप्पुळ्याजवळ पाहता येते. तिथे पावसाळ्यात चाकरा म्हणून ओळखले जाणारे चिखलाचे पट्टे तयार होतात. तळाचा पातळ चिखल लाटेबरोबर स्वतः हलतो आणि तिची ऊर्जा खाऊन टाकतो, त्यामुळे आजूबाजूचा समुद्र खवळलेला असताना त्या पट्ट्यात पाणी शांत राहते आणि मच्छीमार तिथून होड्या लोटतात. ऊर्जा खरोखर गमावली जाते तेव्हा लाट उंच होऊन फुटत नाही, ती विझत जाते.