'डोळ्याने लावलं तरी होतं' या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. शाळेच्या टीमच्या फोटोत राहिलेला एक पोरगा घालायला एवढं पुराण? आम्ही डिचोलीत हे काम पाच मिनिटांत करतो, दुसऱ्या खेळाडूचं धड कॉपी करायचं, चेहरा बसवायचा, झालं. उंचीचं गणित कशाला, डोळ्याने लावलं तरी होतं. बाकी जो हजर नव्हता त्याला फोटोत उभा करणं हेच मुळात खोटं, आणि तुमच्या फोटोत शेजारच्या मुलाच्या बाहीवरची सावली चुकलेली दिसते. उगाच विद्वत्ता दाखवू नये."

नमस्कार. आधी एक सांगतो, तुमची ती शेवटची ओळ नसती तर उत्तर चार ओळीत संपलं असतं. 'विद्वत्ता' म्हणजे काय हो? मी फोंड्याला बाबांच्या स्टुडिओत दहावीपासून बसतो, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एन्लार्जरवर डोकं वेगळं मोठं करायचं, ब्लेडने कापायचं, मूळ प्रिंटवर चिकटवायचं, कडा ब्रशने मारायच्या आणि परत त्या प्रिंटचाच फोटो काढायचा, एवढं सगळं एका गैरहजर पोरासाठी. एखाद्याला न बघता असं म्हणणं बरं दिसत नाही. प्रश्न विचारा की, कोण नको म्हणतंय. पण विचारायचीही एक पद्धत असते.

सावलीचं तुमचं बरोबर आहे, मान्य. उजवीकडच्या मुलाच्या बाहीवर ती जरा गडद झालीय.

खोटेपणाचं म्हणाल तर पोरगा त्या दिवसाआधीच्या सगळ्या मॅच खेळला, फोटोच्या दिवशी डेंग्यूने घरी पडलेला, मूळ फोटो शाळेकडे आहे आणि फ्रेमखाली त्याच्या नावापुढे 'नंतर समाविष्ट' असं छापलंय. त्यावर मला वाद घालायचा नाही.

आता ते 'डोळ्याने लावलं तरी होतं'. हे वाक्य मला लागलं, कारण मीही आधी तसंच करायचो आणि एका शाळेने माझ्या २४ प्रिंट परत पाठवल्या होत्या. का, तर मागच्या रांगेत घातलेला मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आणि फोटोत कॅप्टनच्या बरोबरीला. मला ते दिसलं नाही, त्याच्या आईला पहिल्या नजरेत दिसलं. डोळा काय करतो, तर डोकी एका ओळीत आणतो कारण ओळ नीट दिसली की आपल्याला बरं वाटतं, आणि तेरा-चौदा-पंधरा वर्षांची पोरं कधी एका ओळीत नसतात हो, कोणी वर्षभरात दहा सेंटीमीटर वाढलेला असतो, कोणी जिथल्या तिथे.

तर या फोटोत मी काय केलं ते परत सांगतो, कारण लेखात घाईत लिहिलं गेलं. मागची रांग जमिनीवर उभी होती पण पाय कोणाचेच दिसत नाहीत, पुढे बाकावर बसलेली पोरं आहेत. त्यामुळे पायापासून डोक्यापर्यंत मोजायचा प्रश्नच नाही. मग मोजायचं काय? दोन डोक्यांमधला फरक. पीटीच्या सरांच्या वहीत प्रत्येकाची उंची लिहिलेली असते. मागच्या रांगेतला सगळ्यात उंच १७४ सेंटीमीटर, सगळ्यात बुटका १५६, फरक १८. फाइलमध्ये त्या दोघांच्या डोक्यांत १८० पिक्सेलचा फरक, म्हणजे त्या रांगेत एक सेंटीमीटर म्हणजे १० पिक्सेल. आपला पोरगा १६२ चा, उंच मुलापेक्षा १२ सेंटीमीटर कमी, तर त्याचं डोकं त्याच्यापेक्षा १२० पिक्सेल खाली. संपलं गणित. हे पुराण असेल तर काय बोलायचं.

जोडी मात्र सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकीच घ्यायची. चार सेंटीमीटर फरकाची जोडी घेतली आणि एकाचे केस एक सेंटीमीटर फुगलेले असले तरी हिशेब पाव भागाने बिघडतो, १८ ला तेवढं काही होत नाही. मोजायचंही केसांच्या टोकाला नाही, केस दाबल्यावर टाळू जिथे लागेल तिथे. आणि त्याआधी फोटो तिरका नाही ना ते बघायचं. आमच्याकडे सोपं आहे, शाळेची भिंत बहुतेक जांभ्या चिऱ्यांची असते, चिऱ्यांमधली आडवी रेघ सरळ करून घेतली की काम झालं. रांग गोलाकार उभी असेल तर मात्र हे चालत नाही, कडेची पोरं कॅमेऱ्याला जवळ येतात आणि मोठी दिसतात.

आता तुमचा डोळा नेमका कुठे फसला असता ते बघा. फोटोच्या दिवशी याच्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेच्या डाव्या बाजूचा मुलगा वहीत १६५. हिशेबाने तो उंच मुलापेक्षा ९० पिक्सेल खाली पाहिजे, मोजला तर १०४. म्हणजे जवळजवळ दीड सेंटीमीटर कमी. झूम करून बघितलं तर त्याने एका पायावर भार टाकलाय, एक खांदा पडलाय. तुम्ही डोळ्याने लावताना कोणाकडे बघून लावणार? शेजारच्याकडेच ना? 'हा त्याच्यापेक्षा तीन सेंटीमीटर बुटका' म्हणून त्याच्यापासून ३० पिक्सेल खाली घातला असता, आणि प्रत्यक्षात तो फक्त १६ खाली पाहिजे. दीड सेंटीमीटर कोणाला कळतो म्हणाल. अहो, पाच वर्षं एका बाकावर बसणाऱ्यांना कळतो.

आणि इथेच पोश्चरची गोष्ट येते, जी तुम्ही लिहिलीच नाही. आठ दिवसांनी पोरगा बरा झाल्यावर त्याला त्याच भिंतीसमोर, त्याच जागी उभा केला. सकाळी साडेनऊलाच, कारण पहिला फोटो तेव्हाचा आणि ऊन डावीकडून होतं. एकटा उभा राहिला तर एकदम सावधान! छाती पुढे, हनुवटी वर, मुठी घट्ट. बाकीची टीम हात मागे बांधून सैल उभी आहे आणि हा मध्येच एनसीसीत आल्यासारखा. हे कॉम्प्युटरवर ठीक होत नाही. म्हणून मी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोरं उभी केली, हात मागे बांधायला सांगितले, आणि दोन-तीन मिनिटं चवथीला गावात कोणाकडे किती दिवसांचा गणपती यावर बोलत बसलो. मग खांदे खाली आले. तेव्हा फोटो घेतला. ती दोन पोरं नंतर कापून टाकायची, पण डावीकडच्याची सावली याच्या जर्सीवर आपोआप पडते, ती हाताने काढावी लागत नाही. (उजवीकडे याची सावली जुन्या फोटोतल्या मुलावर पाडायची होती, ती हातानेच काढावी लागली आणि तीच गडद झाली. तुम्ही पकडलीत ती हीच.)

कॅमेरा तोच, लेन्स तीच, ट्रायपॉड १२० सेंटीमीटरवर, मुलगा कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर, कारण मागची रांग ६ मीटरवर होती. ट्रायपॉडची उंची सांभाळली नाही तर बाकीच्यांच्या हनुवट्यांची खालची बाजू जराशी दिसते आणि याची दिसत नाही, आणि मग काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही.

आता तुमची पाच मिनिटं. धड कुठून घेता? मागच्या रांगेतलं घेतलं तर तीच बाही, तीच सुरकुती शेजारी शेजारी दोनदा. ते लपवायला उलटं केलं तर जर्सीचा बिल्ला डाव्या छातीवरून उजव्या छातीवर जातो. मी स्वतः अशी फ्रेम एका ऑफिसच्या भिंतीवर पाहिलीय, नंबर सरळ करायचं सुचलं पण बिल्ला तसाच राहिलेला. आणि पुढच्या रांगेतलं घेतलं तर ती रांग ५ मीटरवर, तिथे सेंटीमीटरला १२ पिक्सेल. टाळूपासून हनुवटीपर्यंत डोकं साधारण २२ सेंटीमीटर धरा, मागे ते २२० पिक्सेल, पुढे २६४. तसंच उचलून मागे ठेवलं तर भोपळ्यासारखं डोकं. मग तुम्ही Ctrl+T मारून छोटं करणार, ठीक आहे, पण कितीने? डोळ्यानेच ना परत.

युनिफॉर्मचं एकच सांगतो. जर्सी तीच, त्याच लॉटमधली, पण याची घरी आठवडाभर धुऊन ठेवलेली आणि बाकीच्यांची त्या दिवशी मॅचनंतरची, घामाने अंगाला चिकटलेली, लाल मातीचे डाग असलेली. रंग मी कॉलरच्या पांढऱ्या पट्टीवर जुळवला, जर्सीच्या निळ्यावर नाही, कारण निळा कपडा ओला असला की गडद दिसतो. पांढरं जुळलं, शॉर्टचा काळा जुळला, तरी निळा थोडा फिका राहिला. तो मी मुद्दाम तसाच ठेवलाय. ते डाग याच्या जर्सीवरही लावायचा मोह झाला होता, पण तो त्या दिवशी मैदानात नव्हता, त्याच्या अंगावर माती कशाला?

आणि हे सगळं शक्य झालं कारण फोटो काढतानाच सरांनी त्याची जागा मोकळी सोडली होती, साधारण एका पोराच्या खांद्यांच्या रुंदीएवढी, ४५ सेंटीमीटर. ती नसती तर त्याला रांगेच्या कडेला घालावं लागलं असतं, आणि कडेला घातलेला माणूस ओळखू येतो. लेखात मी हेच सगळ्यात आधी लिहिलंय. तुम्ही ते वाचलंत की नुसतं खाली स्क्रोल केलं ते मला माहीत नाही.

तुमची सावलीची सूचना मी वाया घालवलेली नाही. काल रात्री तो सावलीचा लेयर ६० टक्क्यांवरून ४० वर आणला, कड जरा मऊ केली, बाहीच्या शिवणीपाशी सावली वळते तिथे मास्कने थोडी पुसली. नवीन फाइल सरांना पाठवलीय, सोमवारी प्रिंट जाईल आणि लेखातला फोटोही बदलतोय.