बारा हजार 'मिळाले'. कशाचे, कधी, देव जाणे!

बहिणीच्या लग्नात आहेराला द्यायला 60 चादरी सांगितल्या. नवी पेठेतलं दुकान, नाव घेत नाही. चादरीला 450, म्हणजे 27,000. चार तारखेला 12,000 रोख मोजून दिले. मालकाने बिलबुकात कार्बन घालून '12000/- मिळाले' लिहिलं, खाली कोंबडीचे पाय काढल्यासारखी सही केली आणि पान फाडून दिलं हातात. मीही गाढव, न वाचता खिशात घातलं.

एकोणीस तारखेला माल न्यायला गेलो, तर गल्ल्यावरचा पोरगा म्हणतो, "बाकी 19,000." कसे? तर 4,000 माझ्या चुलत्याच्या जुन्या उधारीत वळते केले म्हणे! आडनाव एक म्हणून? उद्या अख्ख्या भावकीची बाकी माझ्याच डोक्यावर मारा की ओ!

पावती पुढे केली. पण तिच्यावर ना तारीख, ना कशाचे ते. भांडणार कशाच्या जोरावर?

म्हटलं, पावती दुरुस्त करून द्या. मालकाने त्याच पानावर दुसऱ्या पेनाने 'अॅडव्हान्स' खरडलं आणि तारीख टाकली एकोणीस! अहो, पैसे चारला दिलेत! आणि एकाच पानावर दोन शाया दिसल्या की उद्या तुम्हीच म्हणणार, हे गिऱ्हाइकाने मागाहून घुसडलंय. शिवाय नुसतं 'अॅडव्हान्स' म्हणजे कशाचा? चादरींचा का चुलत्याचा?

"लई शिकलेले दिसताय," मालक. हो, तुमच्याच दुकानात शिकलो.

शेवटी ते पान आणि बुकातली त्याची कार्बन प्रत, दोन्हींवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायला लावलं आणि त्यावर त्याची सही घेतली. प्रत तशीच राहिली असती तर त्यांच्या हिशोबात 12,000 बिननावीच पडले असते. मग कार्बन घालून नवीन पान, मजकूर मी सांगितला: 'दि. 4 रोजी रोख रु. 12,000, अक्षरी बारा हजार फक्त, 60 चादरींच्या ऑर्डरपोटी आगाऊ मिळाले. ऑर्डर 27,000, बाकी 15,000. इतर कुठल्याही खात्यात वळते केलेले नाहीत. आधीच्या पावतीऐवजी ही पावती दि. 19 रोजी दिली.' दोन्ही तारखा मुद्दाम घातल्या, नाहीतर जुनी तारीख टाकून मागाहून पावती बनवली असं कुणीही म्हणेल.

एवढ्या चार ओळींना पाऊण तास! मध्ये मालकाचा चहा, दोन फोन, आणि "तुम्ही काय कोर्टात जाणाराय का?" हे तीनदा.

वर रक्कम पाच हजारांपुढची म्हणून रसीद तिकीट लावा म्हटलं, तर गल्ल्यात तिकीट नाही. मागितल्यावर तिकीट लावून पावती द्यायची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची असते. रोज लाखाचा धंदा करणाऱ्याने मलाच पोस्टात पिटाळलं. तिकीट आणलं, त्यावरून आडवी सही घेतली, तर हा विचारतो कसा, "एक रुपया बाकीतून कापायचा का?"

कापला. सोडतो होय!