नाव झाकल्यानं मास्तरचा अपमान होत नाही

"नाव झाकून पेपर तपासायचं नवं खूळ थांबवा! १) वीस वर्षं खडू धरलेल्या मास्तरला नाव दिसल्यानं काही फरक पडत नाही. २) गणितात तर पक्षपात शक्यच नाही, उत्तर बरोबर नाहीतर चूक. ३) पोराची कुवत ठाऊक असली की गुण जास्त बरोबर पडतात. ४) अक्षर ओळखू येतंच, मग झाकून उपयोग काय? पटलं तर पुढे पाठवा."

हा मेसेज फिरत फिरत औशाला ताईच्या मोबाइलवर पोचला. भाची यंदा दहावीला, 'ड' तुकडीत. तिच्या शाळेत पूर्वपरीक्षेचे पेपर सांकेतिक क्रमांक टाकून तपासायचं घाटत होतं. पालकसभेत कुणीतरी हा मेसेज वाचून दाखवला आणि बेत बारगळला. ताई फोनवर म्हणाली, "जाऊ दे रे, मास्तर लोकच म्हणायलेत तर खरंच असंल की." मीही मास्तरच आहे, आणि गणिताचाच. म्हणून आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण चारांत सगळ्यांत हास्यास्पद तोच आहे.

x² − 15x + 54 = 0 हे समीकरण अवयव पाडून सोडवायचं आहे, दोन गुण. मधल्या पदाची फोड करायची, −9x आणि −6x. मग दोन-दोन पदांतून सामाईक काढायचं, (x − 9)(x − 6) = 0 लिहायचं आणि 9 व 6 ही मुळं मांडायची. पायरीला अर्धा गुण. आता एका पोरानं समीकरण उतरवून घेतलं आणि थेट कंस लिहून मुळं मांडली. फोड नाही, सामाईक काढणं नाही. उत्तर बरोबर.

वहीवर 'अ' तुकडीतल्या पहिल्या नंबराचं नाव असेल तर आपण म्हणतो, "तोंडी केलं यानं, एवढं काय लिहायचं." दोनपैकी दोन. तेच पान 'ड' तुकडीतल्या, सहामाहीला नापास झालेल्या पोराचं असेल तर आपलाच लाल पेन थबकतो. "शेजारच्याचं बघितलेलं दिसतंय. पायऱ्या कुठायत?" दोनपैकी एक. दोन्ही निकालांना कारण आहे, आणि दोन्ही कारणं शिक्षक-खोलीत कुणालाही पटतील. म्हणून तर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अर्धवट पायरी, पुसटलेलं वजाचं चिन्ह, एकक न लिहिलेलं उत्तर, खाडाखोडीत 1 आहे की 7 ते न कळणं, अशा संशयाच्या जागा एका पेपरात आठ निघाल्या आणि प्रत्येकीत अर्धा गुण इकडचा तिकडं झाला, तर चार गुण होतात. नव्वदवाल्याला त्याचं काही वाटत नाही. काठावरचं पोर तेवढ्यात बुडतं.

पहिला मुद्दा अनुभवाचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातल्या जॉन मॅलूफ आणि सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. त्यांचा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक आणि साहाय्यक शिक्षक मिळून १५९ परीक्षक होते. कुणाला विद्यार्थ्याचं चांगलं तोंडी सादरीकरण दाखवलं आणि कुणाला वाईट. कुणाच्या वाट्याला काय यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. नंतर त्याच विद्यार्थ्याचं एक लेखी काम सगळ्यांनी तपासलं, ज्याचा त्या सादरीकरणाशी संबंध नव्हता. चांगलं सादरीकरण पाहिलेल्यांनी त्या लेखी कामाला ठळकपणे जास्त गुण दिले. हे सगळे शिकवणारेच लोक होते, रस्त्यावरून धरून आणलेले नव्हते. पोराशी ना ओळख, ना वैर. एकदाच पाहिलेलं काम पुढच्या गुणात उतरलं. आपण तर पोराला दोन-दोन वर्षं रोज बघतो.

आपल्याकडं नावाबरोबर आडनावही येतं, हे मेसेजवाले सोयीनं विसरले. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी भारतातच प्रयोग केला. मुलांच्या पेपरांवरच्या मुखपृष्ठांवर जात, वय, मुलगा की मुलगी हे तपशील वाटेल तसे बदलून टाकले आणि शिक्षकांकडून पेपर तपासून घेतले. खालच्या मानलेल्या जातींच्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, फुगवून सांगत नाही. पण गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पेपरांत तो जास्त होता. मला यात नवल वाटत नाही. पहिले काही पेपर होईपर्यंत हात बसलेला नसतो, कुठं अर्धा द्यायचा ते ठरलेलं नसतं, आणि तेव्हा डोळा मुखपृष्ठाकडं जातो.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मागचे गुण मागच्या निकालात धरलेले आहेत, तेच पुन्हा या पेपरात कशाला धरायचे? लातुरात क्लासवाले चाचणीच्या गुणांवर बॅच लावतात. एकदा खालच्या बॅचला गेलेलं पोर दिवाळीनंतर सुधारलं तर ते पेपरातूनच दिसणार ना? तिथंही जुनी कुवत मोजली तर त्यानं सुधारून दाखवायचं कुठं? वरच्या बॅचचं पोर घसरत असतं तेही असंच झाकलं जातं, आणि थेट बोर्डाच्या निकालात कळतं. बोर्ड तर बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर लावून गठ्ठा दुसऱ्याच शाळेच्या परीक्षकाकडं पाठवतं. तेव्हा कुणी कुवतीचं नाव काढत नाही.

चौथा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. चाळीस पोरांच्या वर्गात वर्षभर वह्या पाहिल्या की दहा-बारा अक्षरं नक्की ओळखू येतात. तीस अक्षरं तर ओळखू येत नाहीत ना? आणि ज्यांची ओळखू येतात त्यांच्यासाठी गठ्ठे बदलायचे: 'अ'चा गठ्ठा 'ड'च्या मास्तरनं घ्यायचा, किंवा शेजारच्या शाळेशी अदलाबदल करायची. हजेरी क्रमांक चालणार नाही, सात नंबर कोण ते पाठच असतं. क्लार्कनं वाटेल तसे क्रमांक टाकायचे, नावाची पट्टी दुमडून स्टेपल करायची, यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायची.

पण नुसतं नाव झाकून पुरत नाही. पहिल्या प्रश्नाला पाचपैकी पाच दिले की दुसऱ्या प्रश्नाला हात सैल होतो, मग वहीवर नाव असो नसो. म्हणून आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. गुण वहीच्या चौकटीत न भरता वेगळ्या तक्त्यात भरायचे, म्हणजे मागचा आकडा समोर येत नाही. वेळ जास्त लागतो, हे खरं. फरक पडतो का ते बघायचं असेल तर काठावरच्या पाच-सहा वह्यांच्या, गुण टाकण्याआधीच झेरॉक्स काढून दुसऱ्या शाळेच्या मास्तरला द्याव्यात, आणि आपले गुण एकाच बाजूला झुकतात का ते बघावं.

शेरे मात्र नाव उघडल्यावरच लिहावेत. "मागच्या वेळेपेक्षा पायऱ्या बऱ्या मांडल्यास" हे लिहायला पोर कोण ते माहीत असावंच लागतं. आकड्याला तेव्हा हात लावायचा नाही. अंतर्गत गुणांतल्या तोंडी परीक्षेत नाव झाकता येत नाही, पोर समोरच उभं असतं. तिथं निदान क्रम बदलता येतो. लेखी आधी तपासून गुण तक्त्यात भरून टाकायचे आणि तोंडी त्यानंतर घ्यायची. ताईला एवढंच सांगितलंय की पुढच्या सभेत मुख्याध्यापकांना आधी हा क्रम विचार.