करंट रेशो १.३५ आहे, तरी चेकच्या दिवशी धावपळ का?

«तुमच्या लेखाप्रमाणे रेशो काढले. इलेक्ट्रिकल मालाची एजन्सी आहे. स्टॉक ५५.५ लाख, उधारी ९४.४ लाख, कंपनीकडचे क्लेम ७ लाख, बँकेत १.१ लाख. देणी: सीसी ७८, कंपनी ३२.७, इतर ६.३ लाख. विक्री रोज २ लाख, मालाची खरेदी किंमत १.८५ लाख, दोन्ही जीएसटी सोडून. करंट रेशो १.३५ येतो, म्हणजे बँकेच्या १.३३ च्या वर. तरी कंपनीचा चेक लागला की धावपळ. हे रेशो पुस्तकातच ठेवा.»

तुमचा राग रास्त आहे. १.३५ हे गणित बरोबर आहे (१५८ भागिले ११७), पण त्या १५८ लाखांत काय आहे ते बघा.

क्विक रेशोसाठी स्टॉक वगळला की १०२.५ भागिले ११७, म्हणजे ०.८८ उरतो. आता उधारीची एजिंग काढा. समजा ९० दिवसांपुढची बिले २० लाखांची निघाली. बँका सहसा अशा बिलांवर ड्रॉइंग पॉवर देत नाहीत. ती आणि क्लेम बाजूला ठेवले की क्विक ०.६५ वर येतो, करंट रेशो १.१२ वर. क्लेम कंपनी क्रेडिट नोटने मिटवत असेल, तर त्यातून पगार भागत नाहीत.

खरे उत्तर मात्र दिवसांत आहे. इथे एक चूक सर्रास होते: ताळेबंदातली उधारी जीएसटीसह असते, नफा-तोट्यातली विक्री जीएसटी सोडून. ९४.४ ला २ लाखांनी भागले की ४७ दिवस दिसतात. १८ टक्के धरून रोजचे बिलिंग २.३६ लाख, त्याने भागले की ४० दिवस. देणीही तशीच: ३२.७ भागिले २.१८, म्हणजे १५ दिवस (खरेदी विक्रीच्याच वेगाने चालू आहे असे धरून). स्टॉकमध्ये सहसा जीएसटी नसतो, म्हणून ५५.५ भागिले १.८५, बरोबर ३० दिवस.

३० अधिक ४० वजा १५: पैसा ५५ दिवस अडकतो. स्टॉक आणि उधारीतून कंपनीचे देणे वजा केले की ११७.२ लाख. त्यातले ७८ सीसीचे, ३९.२ तुमचे. विक्री १० टक्के वाढली आणि दिवस तेच राहिले, तर आणखी ११.७ लाख लागतात. लिमिट लगेच वाढत नाही आणि नफा वर्षभर थेंबाथेंबाने येतो, म्हणून धंदा वाढतो तेव्हाच चेक अडकतो.

सुरुवात उधारीपासून करा. वसुली पाच दिवस अलीकडे आली की ११.८ लाख मोकळे होतात, म्हणजे वरची वाढ जवळपास भागते. स्टॉकचे पाच दिवस कमी केले तर ९.२५ लाखच सुटतात.

आणि हे आकडे ३१ मार्चचे असतील तर परत काढा. वर्षअखेरीच्या टार्गेटसाठी उचललेला माल स्टॉकचे आणि देण्याचे दिवस दोन्ही फुगवतो. बारा महिनाअखेरींची सरासरी घ्या.